खिंडीच्या पंधरा किलोमीटर अलीकडं

सव्वीस वर्षं मी शाळेत भूगोल शिकवला. हिमालयाच्या रांगा, त्यांची उंची, त्यातल्या खिंडी, सगळं तोंडपाठ. प्रत्यक्षात मी पाहिलेली सगळ्यात उंच जागा म्हणजे दौलताबादचा किल्ला, आणि तोही बहुतेक वेळा पडेगावच्या आमच्या गच्चीवरून, कपडे वाळत घालताना. त्यामुळं माझ्या थोरल्या दिरांनी नवी डिझेल गाडी घेतली आणि ‘ही गाडी आता खार्दुंग लालाच न्यायची’ असं जाहीर केलं, तेव्हा घरातल्या एकुलत्या एका तज्ज्ञ व्यक्तीकडं सगळ्यांनी पाहिलं. ती तज्ज्ञ मी. तज्ज्ञ व्हायला आमच्याकडं एवढं पुरतं.

‘ला’ म्हणजे तिकडच्या भाषेत खिंड. खार्दुंग ला लेहच्या वर चाळीसेक किलोमीटरवर, साडेसतरा हजार फुटांच्या घरात. पाटीवर एक आकडा, पुस्तकात दुसरा. दिरांना पाटीवरचा हवा होता, कारण फोटो पाटीपाशी निघतो.

दिरांना आम्ही सगळे दादा म्हणतो. ते फुलंब्रीला असतात, शेती करतात, आलं आणि मका. वडील लवकर गेले तेव्हा दादा नववीत होते. त्यांनी शाळा सोडली, धाकट्या भावाला शिकवलं, तो इंजिनिअर झाला आणि माझा नवरा झाला. ही गोष्ट दादांनी आयुष्यात एकदाही काढली नाही, बाकी सगळ्या फुलंब्रीनं मात्र मला लग्नाच्या दिवशीच ऐकवली. अठ्ठावन्न वर्षांच्या आयुष्यात ते लांबात लांब नाशिकच्या बाजार समितीपर्यंत गेलेले. खिंडीची पाटी हीच काय ती त्यांची हौस. ती त्यांना कुठून लागली ते मला माहीत आहे. मोबाईलवरून लागली.

आमच्या घरात एक रीत आहे. थोरला दीर धाकट्या भावजयीशी थेट बोलत नाही. दोघं एकाच ओट्यावर बसलेले असले तरी दादा माझ्या नवऱ्याला म्हणतात, “तिला म्हणावं, च्यात साखर कमी टाक.” मी समोरच असते, ऐकलेलं असतं, तरी नवरा मला सांगतो, “साखर कमी.” मग मी नवऱ्याला सांगते, “कमीच टाकलीय म्हणावं.” एकवीस वर्षं नवऱ्यानं हे टपालखातं चालवलं. इंजिनिअरिंगचा उपयोग झाला म्हणायचा.

तर नियोजन पडेगावला माझ्या स्वयंपाकघरात सुरू झालं. माणसं चार: दादा, जाऊबाई, नवरा आणि मी. गणपती उठले की निघायचं. मी महिनाभर वाचून काढलं होतं. मनालीत दोन रात्री, पुढं जिस्पाला दोन रात्री, तिथून एका लांबलचक दिवसात चार मोठ्या खिंडी ओलांडून थेट लेह. मधे सारचूला तंबू असतात, पण तिथं झोपायचं नाही, कारण ते लेहपेक्षाही उंच आहे. दिवसा उंचावरून जाणं वेगळं, उंचावर रात्र काढणं वेगळं. लेहला पोचल्यावर दोन दिवस नुसतं पडून राहायचं. आणि मग खिंड.

दादा म्हणाले, “तिला विचार, दोन दिस पडून ऱ्हायला आपून बाळंतीण हाव का?”

डिझेलचा हिशेब मी फळ्यावर मांडावा तसा मांडला. केलाँगच्या अलीकडं तांडीला पंप आहे, तिथं टाकी फुल करायची. त्यानंतरचा भरवशाचा पंप थेट लेहच्या अलीकडं, साडेतीनशे किलोमीटरवर. आपली गाडी घाटात लिटरला दहा धरली आणि टाकी पंचावन्न लिटरची, म्हणजे पोचून उरतंय. दादांनी मान डोलावली आणि निघायच्या दिवशी शेतातल्या इंजिनाचे वीस-वीस लिटरचे दोन प्लास्टिकचे कॅन भरून गाडीत मागं ठेवले. भूगोलाच्या मास्तरणीवर आणि डिझेलवर एकाच वेळी भरवसा ठेवायचा नाही, हे त्यांचं धोरण.

परवान्याचं मात्र त्यांनी माझ्यावर सोडलं. लेहच्या पुढं जायला ऑनलाईन अर्ज, शुल्काची पावती आणि तिच्या प्रती, नाक्यावर एक प्रत ठेवून घेतात. मी प्रत्येकी पाच प्रती काढा म्हटलं. दादांनी औरंगपुऱ्यातून पंचवीस-पंचवीस काढून आणल्या. त्यांचं म्हणणं, तहसीलला सातबाऱ्यासाठी चार लागतात, ही तर मिलिटरीची हद्द. आधारकार्डाच्या झेरॉक्सचा तो गठ्ठा बघून वाटलं, आम्ही खिंड बघायला नाही, नावावर करून घ्यायला चाललोय.

आणि मग नियम. मागं फिरायचे नियम. ते मी फुलस्केप कागदावर लिहिले, कारण वाचलेल्या प्रत्येक ठिकाणी एकच गोष्ट सांगितली होती: माणसं उंचीनं मरत नाहीत, ‘आता एवढं आलोय तर’ म्हणण्यानं मरतात. एक, उंचावर डोकं दुखलं तर ते उंचीमुळंच दुखतंय असं धरायचं, दुसरं कारण शोधायचं नाही. दोन, दुखणं गोळीशिवाय थांबत नाही तोवर आणखी वर चढायचं नाही. तीन, झोकांड्या, बडबडीत गोंधळ किंवा बसल्याजागी दम लागला तर त्याच मिनिटाला खाली. चार, चौघांपैकी कुणीही एकानं ‘मागं’ म्हटलं की गाडी वळणार, आणि त्याला कारण विचारायचं नाही. पाच, दुपारी एकपर्यंत खिंडीवर पोचलो नाही तर जिथं असू तिथून परत.

मी झोकांडीची परीक्षाही करून दाखवली. अंगणातल्या फरशीच्या रेषेवर टाचेला बोट लावत सरळ चालायचं. जाऊबाई हसून हसून भिंतीला टेकल्या. दादा म्हणाले, “हे तर पोलीस दारुड्यांना करायला लावतेत.” तरी त्यांनी कागदावर सही केली, आणि वर विचारलं, “अंगठा पण देऊ का?” हेही अर्थातच नवऱ्याला विचारलं.

डॉक्टरांकडं चौघं गेलो. उंचीसाठीची गोळी तिघांना मिळाली. मला सल्फाची ॲलर्जी, त्यामुळं डॉक्टरांनी मला ती दिली नाही, आणि ‘तुम्ही जास्त जपा, जरा डोकं धरलं तरी लगेच सांगा’ असं बजावलं. हे वाक्य मी घरी येईपर्यंत विसरले. म्हणजे विसरायचं ठरवलं. नियम लिहिणाऱ्या बाईलाच पहिली घेरी आली तर दादा पुढच्या दहा दिवाळ्या तेच पुरवून खातील, हे मला नियमांपेक्षा पक्कं ठाऊक होतं.

निघताना जाऊबाईंनी हातावर दही ठेवलं, गाडीच्या चाकाखाली लिंबू ठेवलं. फुलंब्रीतल्या दादांच्या मित्रमंडळानं याहून भारी सोय केली होती, पण ती आम्हाला लेहला पोचल्यावर कळली.

जिस्पापर्यंत सगळं ठीक. त्यापुढं गाडी वर चढायला लागली आणि हवा विरळ झाली तसे मागचे कॅन फुगायला लागले. बाहेरचा दाब कमी होतो, आतली हवा फुगते, हा धडा मी दरवर्षी आठवीला शिकवते. झाकणांच्या कडेनं डिझेल पाझरू लागलं. गाडीभर वास. दर तासाला दादा गाडी थांबवून झाकण ढिलं करायचे, वाफ सोडायचे आणि पुन्हा आवळायचे. टाकी अर्धीही संपली नव्हती.

लेहच्या वाटेवरल्या सगळ्यात उंच खिंडीच्या आधी माझं डोकं दुखायला लागलं. मी म्हटलं, डिझेलचा वास. लेहला उतरलो तरी दुखत होतं. म्हटलं, दिवसभर ऊन लागलं. दुसऱ्या दिवशी पडून राहिले तरी दुखत होतं. म्हटलं, इथल्या चहात दम नाही, चहा न मिळाल्यानं दुखतंय. तिसऱ्या दिवशी चष्म्याचा नंबर वाढला असावा असं ठरलं. कलम एक मी माझ्याच अक्षरात लिहिलं होतं. मी गुपचूप डोकेदुखीच्या गोळ्या घेत होते आणि नवऱ्याला सांगत होते, छान वाटतंय. जेवण जात नव्हतं, तर म्हणायचे, उपवास आहे. त्यानं वार विचारला नाही.

त्याच संध्याकाळी दादांच्या फोनवर फोटो आला. फुलंब्रीच्या चौकात दहा बाय आठचा फ्लेक्स. त्यावर गॉगल लावलेले दादा, मागं बर्फाचे डोंगर, एका कोपऱ्यात तिरंगा, दुसऱ्या कोपऱ्यात कुणीतरी हौसेनं टाकलेला रणगाडा. ‘जगातील उंच खिंड सर केल्याबद्दल हार्दिक अभिनंदन. शुभेच्छुक, समस्त मित्रमंडळ.’ आम्ही निघायच्या आधीच औरंगपुऱ्यात छापून घेतला होता. आमच्याकडं अभिनंदन आधी छापतात, कर्तृत्व सवडीनं करता येतं.

दादा फोटो बघून लाजले. खरंच लाजले. गडी मोठा, मिशी पांढरी, आणि फोन परत परत उघडून बघत होते. मला पहिल्यांदाच जरा वाईट वाटलं. आणि मी रात्रीच्या दोन गोळ्या घेतल्या. आता डोकं दुखतंय म्हणायची सोय राहिली नव्हती. फुलंब्रीच्या चौकात खिंड सर झालेली होती.

सकाळी सातला निघालो. लेहपासून वळणं घेत रस्ता चढतो, चोवीस किलोमीटरवर साऊथ पुल्लूचा नाका. तिथं परवान्याची प्रत द्यायची, वहीत नोंद करायची, आणि पुढं पंधरा किलोमीटर खडीचा रस्ता, की खिंड. नाक्यावर गाड्यांची रांग होती. कागदांची मालकीण मी, म्हणून मीच उतरले. दादा बाजूच्या टपरीवर चहा घेत उभे होते.

पुढचं मला तुकड्यातुकड्यानं आठवतं. खिडकीतल्या पोलिसानं वही पुढं सरकवली. मी नाव लिहिलं, माणसं चार लिहिली, गाडीचा नंबर लिहिला. त्यानं बाहेर गाडीकडं पाहिलं, वहीकडं पाहिलं, म्हणाला, “मॅडम, ये नंबर तो गाडी पे नहीं है.” मी पुन्हा लिहिला. तो पुन्हा तसाच होता. मी वैतागले, माझा आवाज चढला, मला वाटलं हा माणूस उगाच त्रास देतोय. मी माझ्या स्कूटीचा नंबर लिहीत होते. पडेगावच्या अंगणात उभ्या असलेल्या स्कूटीचा.

दादा कधी मागं येऊन उभे राहिले कळलं नाही. त्यांनी वहीत वाकून बघितलं. मग माझ्याकडं बघितलं. एकवीस वर्षांत पहिल्यांदा ते थेट माझ्याशी बोलले.

“बाई, चाल बघू या रेषेवरून.”

खिडकीसमोर सिमेंटचा पट्टा होता, त्याची कडा. मी म्हटलं, “काही झालं नाही मला. डिझेलचा वास येतोय.”

“व्हय. चाल तरी.”

मी टाचेला बोट लावलं. एक पाऊल पडलं. दुसरं भलतीकडंच गेलं आणि मी पोलिसाच्या खिडकीला धरलं. मला अजून आठवतं, मी तेव्हा म्हटलं की रेषाच वाकडी आहे.

दादा गाडीकडं वळून म्हणाले, “मागं.”

नवरा म्हणाला, “दादा, वर फक्त पंधरा किलोमीटर. अर्धा-पाऊण तास. पाटीपाशी पाच मिनिटं थांबू आणि लगेच...”

“कलम चार,” दादा म्हणाले. “कारण इचारायचं नाय.”

त्यांनी चहाचा ग्लास टपरीवर ठेवला, मला दंडाला धरून मागच्या सीटवर बसवलं, आणि मागचे दोन्ही कॅन उचलून नाक्यावरच्या एका ट्रकवाल्याला देऊन टाकले. मग गाडी वळवली. रांगेतल्या लोकांनी आम्हाला वाट दिली. मी सगळ्या रस्ताभर भांडत होते, असं जाऊबाई सांगतात. म्हणत होते, फ्लेक्स लागलाय, मागं कसं जाता.

लेहच्या दवाखान्यात ऑक्सिजन लावला, इंजेक्शनं दिली. डॉक्टरांनी नवऱ्याला सांगितलं की मेंदूला सूज यायला लागली होती, वर नेलं असतं तर परत आणायला जड गेलं असतं. मला त्यांनी विचारलं, डोकं कधीपासून दुखतंय. मी म्हटलं, आजच. त्यांनी नुसतं पाहिलं. मग मी म्हटलं, चार दिवस झाले. नवरा तिथंच उभा होता. तो बाहेर जाऊन आला, डोळे पुसून आला.

मला तीन दिवस ठेवलं. गाडीनं परत त्या उंच खिंडी ओलांडायच्या नाहीत, विमानानं खाली जायचं, असं ठरलं. नवऱ्यानं दादांना म्हटलं, “तुम्ही आणि वहिनी जाऊन या ना वर. परवाना आहे, एवढ्या लांब आलात. ही आता बरी आहे.” चाळीस किलोमीटर. दादा गेले नाहीत. तिन्ही दिवस ते वॉर्डाबाहेरच्या बाकड्यावर बसून होते. आत यायचे नाहीत, कारण रीत. दर दोन तासांनी दारातून जाऊबाईंचा आवाज यायचा, “हे इचारतेत, डोकं कसंय?” आणि मी म्हणायची, “बरंय म्हणावं.” टपालखातं पुन्हा सुरू झालं होतं.

आम्ही दोघं विमानानं आलो. दादा आणि जाऊबाई श्रीनगरच्या वाटेनं हळूहळू उतरत गाडी घेऊन आले.

ते पोचल्यावर आठवड्यानं आम्ही फुलंब्रीला गेलो. दादांच्या ओट्यावर मित्रमंडळ बसलेलं होतं. फ्लेक्स चौकातून उतरला होता. गोठ्याशेजारच्या कडब्यावर तो उलटा अंथरलेला मला आत शिरतानाच दिसला, रणगाड्याचा कोपरा तेवढा दुमडून वर आलेला. मी चहा टाकायला आत गेले. स्वयंपाकघराच्या खिडकीतून ओट्यावरचं सगळं ऐकू येतं.

कुणीतरी म्हणालं, “कामून वो मागं फिरले? आमचा फ्लेक्स वाया घातला ना राव.”

दादा म्हणाले, “माझं डोकं लई दुखायलं होतं. पंधरा किलोमीटर राह्यलं होतं, पर मलाच जमंना. मीच म्हणलो, मागं.”

ओट्यावर हसू फुटलं. “एवढा दांडगा माणूस आणि डोकं दुखतंय म्हणून फिरला.” “बाया बऱ्या की मग.” दुसरा म्हणाला, “तिकडं गेला कामून, झेंडू बामवाल्याकडंच जायचं.” दादाही त्यांच्याबरोबर हसले.

माझ्या हातात साखरेचा डबा होता. मला लाज वाटली. नियम मी लिहिले, खोटं मी बोलले, आणि त्याची थट्टा हा माणूस आपल्या ओट्यावर, आपल्या गावासमोर, हसत सोसत होता. ज्या पाटीसाठी तो दोन हजार किलोमीटर आला, ती पंधरा किलोमीटरवर सोडून.

मी चहाचा ट्रे घेऊन बाहेर आले. ओट्यावर परकी माणसं असली की रीतीप्रमाणं तो उंबऱ्यात ठेवून आत जायचं असतं. मी ओट्यावर गेले आणि ट्रे दादांच्या समोर ठेवला.

“डोकं माझं दुखत होतं, दादा,” मी म्हटलं. “चार दिवस. मी सांगितलं नाही. तुम्ही मागं फिरवलं म्हणून मी इथं उभी आहे.”

नवऱ्यानं माझ्याकडं पाहिलं, मग दादांकडं, निरोप कोणाचा कोणाला द्यायचा हे त्याला कळेना.

दादांनी कप उचलला. एक घोट घेतला.

“बाई,” ते म्हणाले, “साखर कमी पडली.”

मी आत गेले आणि डबा घेऊन आले.